बेंच किती अंशांवर?

वर्ष-दीड वर्ष नेमाने जिमला जाणाऱ्या मुलांची छाती नीट पाहिली, तर बहुतेकांत एक गोष्ट सारखी आढळते. छातीचा मधला आणि खालचा भाग भरलेला असतो, खालची कड टी-शर्टवरूनही कळते. पण कॉलरबोनच्या खाली दोन-तीन बोटं जागा सपाट, कधी खोलगट राहते. मग ‘माझी अपर चेस्टच येत नाही’ अशी तक्रार सुरू होते. अशा मुलाचा व्यायाम शेजारी उभं राहून पाहिला, की कारण बहुधा सापडतं. सोमवार आला की हा आधी सपाट बेंचवर दमेपर्यंत प्रेस मारतो आणि उरलेल्या ताकदीत, जवळजवळ खुर्चीसारख्या उभ्या केलेल्या बेंचवर, इन्क्लाइनचे दोन सेट उरकतो. त्या दोन सेटमध्ये छातीपेक्षा खांदाच जास्त राबतो.

छातीचा मुख्य स्नायू, पेक्टोरॅलिस मेजर, हातपंख्यासारखा पसरलेला आहे. पंख्याची मूठ दंडाच्या हाडाला, खांद्याजवळ. पसरलेली बाजू मात्र लांबलचक: तिचा वरचा पट्टा कॉलरबोनच्या आतल्या अर्ध्या भागाला चिकटतो आणि उरलेला मोठा भाग छातीच्या मधल्या हाडाला आणि बरगड्यांना. स्नायू आपल्या तंतूंच्या दिशेनेच खेचू शकतो. वरच्या पट्ट्याचे तंतू कॉलरबोनपासून तिरपे खाली दंडाकडे जातात, म्हणून दंड आत आणि वर, हनुवटीच्या दिशेला न्यायचा असेल तेव्हा तो पट्टा सर्वांत जास्त कामाला लागतो. सपाट बेंचवर दंड छातीला काटकोनात पुढे जातो, त्यामुळे मोठा वाटा मधले तंतू उचलतात. वरचा पट्टा तेव्हाही काम करतो. त्याला पूर्ण वेगळं काढून व्यायाम देता येत नाही. भर कुठे द्यायचा, एवढंच आपल्या हातात असतं, आणि तो भर बेंचच्या कोनाने बदलतो.

अडचण अशी, की दंड वर उचलणं हे खांद्याच्या पुढच्या स्नायूचंही काम आहे. बेंच जितका उभा, तितका खांदा पुढे सरसावतो. 2020 मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी 0, 15, 30, 45 आणि 60 अंशांवर प्रेस करायला लावून स्नायूंमधली विद्युत-हालचाल मोजली. छातीच्या वरच्या भागाची हालचाल 30 अंशांवर सर्वांत जास्त आली. त्याहून उभ्या बेंचवर खांद्याचा वाटा वाढत गेला. अशी मोजणी त्या क्षणी स्नायू किती जागा झाला ते सांगते, तो किती वाढेल ते सांगत नाही. पण त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात नवख्या तरुणांनी 8 आठवडे व्यायाम केला, तेव्हा सुमारे 45 अंशांच्या बेंचवर प्रेस करणाऱ्यांचा छातीचा वरचा भाग सपाट बेंचवाल्यांपेक्षा जास्त जाड झाला. दोन्ही मिळून माझं मत असं आहे: मुख्य प्रेस 30 अंशांवर, फार तर 45. त्यापुढे गेलात तर तो खांद्याचा व्यायाम समजायचा.

आता बेंच 30 अंशांवर आहे हे ओळखायचं कसं? खाचांवर आकडे क्वचितच असतात, असले तर पुसलेले असतात. फोनमधलं उतार मोजणारं अ‍ॅप उघडून फोन पाठीच्या गादीवर ठेवला की आकडा दिसतो. फोन नको असेल तर मोजपट्टी पुरते. गादीची लांबी मोजा, मग तिचं वरचं टोक खालच्या टोकापेक्षा किती उंच आहे ते मोजा. उंची लांबीच्या निम्मी असेल तर कोन 30 अंश. चतुर्थांश असेल तर साधारण 15. दहात सात भाग असेल तर 45. म्हणजे 80 सेंटिमीटरची गादी असेल तर वरचं टोक 40 सेंटिमीटर उंच हवं. एकदा मोजून आपल्या जिममधल्या बेंचची खाच लक्षात ठेवली की काम झालं. ज्या जिममध्ये एकच पक्का, न हलणारा इन्क्लाइन बेंच आहे तिथे तर हे मोजणं आधी करावं, कारण तो अनेकदा 45 किंवा त्याहूनही उभा असतो.

बेंचचा कोन बरोबर असला तरी छातीचा कोन बिघडू शकतो. वजन जड झालं की कंबर उचलून पाठीची कमान केली जाते, छाती वर येते आणि 30 अंशांच्या बेंचवर पडलेला माणूस प्रत्यक्षात सपाट प्रेस करू लागतो. वजन भराभर उचललं जातं, म्हणून बरंही वाटतं. बाजूने मोबाइलवर एक सेट चित्रित केला तर हे लगेच दिसतं. पाठीच्या वरच्या भागाची थोडी कमान राहू द्या, खांद्याची पाती मागे-खाली दाबून ठेवा, पण ढुंगण गादीला टेकलेलं हवं. बार कॉलरबोनच्या थोडा खाली, छातीच्या वरच्या भागावर टेकतो. कोपरं अंगापासून काटकोनात बाहेर काढू नयेत. धड आणि दंड यांत 45 ते 60 अंश राहिले की खांद्याचा सांधा सुखावतो.

प्रेस बारने करावी की डंबेलने? दोन्हींनी, वेगवेगळ्या दिवशी. बारवर वजन थोडं-थोडं वाढवता येतं आणि नोंद ठेवायला सोपं जातं. डंबेल खाली जास्त खोल येतात, वर एकमेकांच्या जवळ जातात आणि मनगट वळवायला मोकळीक देतात, म्हणून ज्यांचा खांदा बारखाली पुढून टोचतो त्यांनी तळवे एकमेकांसमोर ठेवून डंबेल प्रेस करावी. आणखी एक गोष्ट: इन्क्लाइनवर बार अडकला तर तो पोटाकडे घरंगळवून सुटता येत नाही, तो गळ्याजवळ येतो. मागे कुणी उभं नसेल आणि रॅकला अडवणाऱ्या पट्ट्या नसतील तर बार नको, डंबेल घ्या.

फ्लायचं काम वेगळं आहे. प्रेसमध्ये दंडाच्या मागचा स्नायू आधी थकतो आणि छाती अर्धवट राहते. फ्लायमध्ये कोपर किंचित वाकलेलं आणि तसंच स्थिर असतं, त्यामुळे तो स्नायू बाजूला पडतो. डंबेल फ्लायमध्ये हात पसरलेले असताना ताण सर्वाधिक आणि हात वर जुळले की जवळजवळ शून्य असतो. म्हणून डंबेल वर एकमेकांवर आपटून थांबण्यात अर्थ नाही. खाली, छाती ताणलेली असताना क्षणभर थांबण्यात आहे. केबलमध्ये वरच्या टोकालाही ताण टिकतो. वरच्या भागासाठी कप्पी सर्वांत खाली लावायची, हात मांड्यांच्या बाजूने सुरू करून हनुवटीच्या उंचीपर्यंत आत-वर आणायचे. हे एका हाताने करून पाहा आणि दुसऱ्या हाताची बोटं कॉलरबोनखाली ठेवा. बोटांखाली स्नायू कडक होताना जाणवला की मार्ग बरोबर. तिथे काहीच न होता खांद्याचा गोल भाग फुगत असेल तर हात फार वर जातोय किंवा खांदा कानाकडे उचलला जातोय. वजन कमी करून खांदा खाली ठेवा.

आठवड्याची मांडणी एका उदाहरणाने पाहू. समजा एक मुलगा सपाट बेंचवर 60 किलोने 8 वेळा प्रेस मारतो आणि सगळी छाती सोमवारीच करतो. त्याच्यासाठी मी दोन दिवस करेन, सोमवार आणि गुरुवार, आणि दोन्ही दिवशी इन्क्लाइन पहिला ठेवेन. सोमवारी 30 अंशांवर बार, 4 सेट, प्रत्येकी 6 ते 8 वेळा, मध्ये अडीच मिनिटं विश्रांती. सुरुवात बारसकट 45 किलोने. सपाट बेंचचं वजन इन्क्लाइनवर निघत नाही आणि निघायलाही नको. मग सपाट डंबेल प्रेसचे 3 सेट आणि शेवटी खालून वर केबल फ्लायचे 2 सेट, 12 ते 15 वेळा. गुरुवारी बेंच एक खाच खाली, 15 ते 20 अंशांवर, आणि 15-15 किलोचे डंबेल घेऊन 3 सेट, 10 ते 12 वेळा. पाठोपाठ डिप्स किंवा मशीन प्रेसचे 2 सेट, आणि इन्क्लाइन डंबेल फ्लायचे 2 सेट हलक्या वजनाने. आठवड्यात एकूण 16 सेट होतात आणि त्यांतले 11 वरच्या भागाकडे झुकलेले असतात. यात आणखी भर घालायचा मोह होतो. मी घालणार नाही. प्रत्येक सेट अशा टप्प्यावर थांबावा, की आणखी एक-दोन वेळाच निघाल्या असत्या.

वजन कधी वाढवायचं हे वहीत दिसतं. पहिल्या सोमवारी 45 किलोने 8, 8, 7, 6 निघाले, पुढच्या सोमवारी 8, 8, 8, 7. चारही सेट 8 ला पोचले की 47.5 किलो, आणि आकडे पुन्हा 6-7 वर येतील ते स्वाभाविक आहे. अनेक जिममध्ये सव्वा किलोच्या प्लेट नसतात. तिथे पाच किलोची उडी मारावी लागते, म्हणून आधी चारही सेट 10 पर्यंत न्या. डंबेलचंही तसंच: 15 नंतर थेट 17.5 येतो, तेव्हा 15 ने सगळे सेट 12 झाल्याशिवाय बदलू नये. सलग तीन आठवडे आकडा हललाच नाही तर आधी झोप आणि जेवणातलं प्रथिन पाहा. ते ठीक असेल तर एक आठवडा सेट निम्मे करा.

घरीच व्यायाम करणाऱ्यांसाठी आपला जुना जोर आहेच. पाय 30 ते 45 सेंटिमीटर उंच स्टुलावर किंवा पायरीवर ठेवले की धड डोक्याकडे उतरतं आणि ढकलण्याची दिशा इन्क्लाइन प्रेससारखी होते. अनेकांना वाटतं हात उंचावर ठेवले की वरची छाती होते. ते उलट आहे, त्याने भर खालच्या भागावर जातो आणि जोर सोपाही होतो. एका दमात 20 सहज निघू लागले की पाठीवर वह्या-पुस्तकांनी भरलेली सॅक घ्यावी.

फरक दिसायला तीन-चार महिने लागतात, आणि तोही एकाच जागी, एकाच उजेडात, हात सैल सोडून बाजूने काढलेल्या फोटोंत आधी दिसतो. स्नायू हाडाला नेमका कुठे जोडलेला आहे आणि दोन बाजूंमध्ये किती फट आहे, हे जन्मापासून ठरलेलं असतं. कोणत्याही कोनाने ते बदलत नाही. खांद्याच्या पुढे सुईसारखी टोचणी येत असेल आणि ती दुसऱ्या दिवशी हात डोक्यावर नेतानाही राहत असेल, तर बार बंद करून 15 अंशांवर हलक्या डंबेलने दोन आठवडे काढावेत, आणि तरीही थांबली नाही तर हाडांच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवावं.