लिंक पाचपट केली, वाचले फक्त २७ सेकंद!

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं होतं, की नेट स्पीड भरपूर असूनही फाईल मुंगीच्या पावलांनी का जाते? आज त्याचं एक कारण सांगतो. आणि ते माझ्याच चुकीतून सांगतो, म्हणजे लक्षात राहील.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे एक काम आलं. एका दुर्गम साइटवरच्या उपकरणात ८ एमबीचं फर्मवेअर पाठवायचं होतं. तिथे फक्त सॅटेलाइट लिंक होती, २ एमबीपीएसची. मी टीएफटीपी वापरून स्क्रिप्ट लिहिली. ऑफिसच्या लॅनवर अर्ध्या मिनिटाच्या आत काम झालं, मी खूश. साइटवर मात्र सव्वादोन तास! मी छातीठोकपणे सांगितलं, "लिंक कमी पडतेय, १० एमबीपीएस घ्या." क्लायंटने पैसे भरले. पुढचा अपडेट? परत सव्वादोन तास.

झालं काय होतं? टीएफटीपी मुळात स्टॉप-अँड-वेट पद्धतीने चालतो. म्हणजे ५१२ बाइटचा एक ब्लॉक पाठवायचा आणि थांबायचं. समोरून पोच आली, की मगच पुढचा. समजा पुण्याहून नागपूरला धान्याची पोती पाठवायची आहेत, पण पहिल्या पोत्याची पोच परत आल्याशिवाय दुसरं गाडीत चढवायचं नाही. आता रस्ता सहापदरी केला तरी काय फरक पडणार? रस्ता रिकामाच आहे की!

आता आपला रस्ता किती लांब ते बघू. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो. ब्लॉक वर जाणार, खाली येणार, म्हणजे जवळपास ७१,५०० किलोमीटर. प्रकाशाच्या वेगानेही याला साधारण २४० मिलिसेकंद लागतात. पोच परत यायला तेवढाच वेळ. उपग्रह अगदी डोक्यावर नसतो, शिवाय मोडेमही थोडा वेळ खातो, म्हणून सोयीसाठी फेरी ५०० मिलिसेकंदांची धरू.

१० एमबीपीएसच्या लिंकवर ५१२ बाइट, म्हणजे ४०९६ बिट, बाहेर पडायला लागतात फक्त ०.४१ मिलिसेकंद. हेडर आणि पोचेचा आकार सोडून देऊ. मग कार्यक्षमता म्हणजे पाठवण्याचा वेळ भागिले एका ब्लॉकमागे गेलेला एकूण वेळ:

```
0.41 / (0.41 + 500) = 0.0008 = 0.08%
```

म्हणजे १० एमबीपीएसपैकी हातात पडतात जेमतेम ८ केबीपीएस. उरलेला वेळ लिंक नुसती बसून असते, आणि भाडं मात्र पूर्ण चालू.

आता जुन्या लिंकचं बघा. २ एमबीपीएसवर तोच ब्लॉक पाठवायला २.०५ मिलिसेकंद लागायचे. कार्यक्षमता ०.४१ टक्के, म्हणजे हातात तेच ८ केबीपीएस! ८ एमबीचे ब्लॉक होतात १६,३८४. प्रत्येकामागे अर्धा सेकंद थांबणं, म्हणून सव्वादोन तास. लिंक पाचपट केल्यावर प्रत्येक ब्लॉकमागे वाचले १.६४ मिलिसेकंद. सगळे मिळून २७ सेकंद. एवढ्यासाठी मी क्लायंटला खर्चात पाडलं होतं.

हे मला आधी कळायला हवं होतं, कारण खुणा समोरच होत्या. पिंग ५०० मिलिसेकंदांच्या वर, पॅकेट लॉस जवळपास शून्य, आणि लिंकच्या वापराचा ग्राफ तळाशी चिकटलेला. लिंक खरंच कमी पडत असती तर ग्राफ वर टेकला असता. आणि लॅनवर फेरी एखाद्या मिलिसेकंदाची, म्हणून तिथे हा दोष दिसलाच नाही.

उपाय एकच: पोचेची वाट बघत असतानाही पाठवत राहायचं. यालाच स्लायडिंग विंडो म्हणतात. आपली १० एमबीपीएसची लिंक पूर्ण भरायची तर ५००.४१ भागिले ०.४१, म्हणजे सुमारे १,२२० ब्लॉक एका वेळी वाटेत हवेत. एवढं टोक गाठायची गरज नव्हती. टीएफटीपीतच `blksize` आणि `windowsize` असे दोन पर्याय आहेत, फक्त ते दोन्ही बाजूंना चालायला हवेत. मी ब्लॉक १४२८ बाइटचा केला आणि एका पोचेमागे १६ ब्लॉक ठेवले. फेऱ्या १६,३८४ वरून ३६८ वर आल्या आणि काम तीन-सव्वातीन मिनिटांत संपलं.

यातही एक गोम आहे. मधला ब्लॉक हरवला, तर त्याच्यापासून पुढचं सगळं पुन्हा पाठवावं लागतं. म्हणून खराब हवामानात विंडो फार मोठी ठेवणंही अंगाशी येतं.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी "स्पीड वाढवा" म्हणालं, तर आधी पिंग आणि ग्राफ बघा. पैसे नंतर भरा. चला, भेटू पुढच्या भागात!