भाव सांगतात, रस्ता कुठं बदलायचा

लासलगावहून कांद्याचे 6 ट्रक निघायचे आहेत, चाकणहून 4. वाशीला 7 हवेत, पुण्याला 3. एका ट्रकचं भाडं, हजार रुपयांत, सोयीसाठी असं धरू: लासलगाव-वाशी 12, लासलगाव-पुणे 11, चाकण-वाशी 8, चाकण-पुणे 2, पुणे-वाशी 7. सगळ्यात कमी खर्चात माल कसा पोचवायचा? जॉर्ज डॅन्टझिग यांची सिम्प्लेक्स पद्धत 1947ची. रस्त्यांच्या जाळ्यासाठी तिचं जे रूप घडलं, ते नेटवर्क सिम्प्लेक्स.

ही पद्धत सगळे रस्ते एकदम वापरत नाही. चार ठिकाणं जोडायला तीन रस्ते पुरतात आणि त्यांत कुठंही फेरा होत नाही. अशा जोडणीला स्पॅनिंग ट्री म्हणतात. समजा, सुरुवात ओबडधोबड झाली: लासलगावहून सहाही ट्रक पुण्याला, त्यातले 3 पुढं वाशीला, चाकणचे चारही वाशीला. खर्च 119 हजार.

आता प्रत्येक ठिकाणाला एक भाव द्यायचा. गणिती त्याला पोटेन्शियल म्हणतात. लासलगावचा भाव शून्य धरला, तर झाडातल्या रस्त्यांच्या भाड्यावरून पुण्याचा 11, वाशीचा 18 आणि चाकणचा 10 निघतो. झाडाबाहेरच्या लासलगाव-वाशी रस्त्याकडे पाहा. भावातला फरक 18, भाडं मात्र 12. म्हणजे तिकडून नेलेल्या प्रत्येक ट्रकमागं 6 हजार वाचतील. चाकण-पुणे रस्त्यावर फरक 1 आणि भाडं 2, तो परवडत नाही.

नवा रस्ता जोडताच एक फेरा तयार होतो. थेट वाशीला ट्रक वाढवावे, तितके पुण्यामार्गे जाणारे कमी करावे. पुणे-वाशी रस्त्यावर 3च ट्रक आहेत, म्हणून 3 वळवल्यावर तो रिकामा होऊन झाडातून बाहेर पडतो. खर्च 101 हजार. भाव सगळे नव्यानं मांडावे लागत नाहीत. तुटलेल्या फांदीवरची वाशी आणि चाकण तेवढी 6नं उतरतात, 12 आणि 4 होतात.

गंमत इथं आहे. मघाशी न परवडणारा चाकण-पुणे रस्ता आता फायद्याचा ठरतो: फरक 7, भाडं 2. त्यावरून 3 ट्रक नेले की लासलगाव-पुणे सुटतो, पुण्याचा भाव 6 होतो आणि खर्च 86 हजारांवर येतो. आता झाडाबाहेरचा कुठलाच रस्ता भावाच्या फरकापेक्षा स्वस्त नाही, म्हणून याहून कमी खर्च शक्य नाही. पुणे-वाशीचं भाडं मात्र फरकापेक्षा एकाच हजारानं जास्त आहे. ते 6च्या खाली आलं, तर चाकणचा वाशीचा ट्रकही पुण्यामार्गे वळेल.

अडचण येते ती झाडातला एखादा रस्ता रिकामाच असला तर. मग कधी कधी झाड बदलतं, पण एकही ट्रक हलत नाही आणि खर्चही तसाच राहतो. अशा बदलांत पद्धत त्याच झाडांभोवती अडकून पडू शकते. विल्यम कनिंगहॅम यांनी 1976मध्ये यावर उपाय दिला: प्रत्येक ठिकाणाहून मुळाकडे थोडा तरी जास्तीचा माल पाठवता येईल, अशीच झाडं घ्यायची आणि बाहेर पडणारा रस्ताही त्याच अटीनं निवडायचा.