गोळी बंद केल्यानंतरची पाळी

गर्भनिरोधक गोळी बंद केली की दोन-चार दिवसांत रक्तस्राव होतो आणि बहुतेकींना वाटतं, चला, पाळी आली. त्या दिवसापासून पुढच्या महिन्याची तारीख धरली जाते. ती उलटते, वर पंधरा-वीस दिवस जातात. मग हनुवटीवर दुखऱ्या पुटकुळ्या उठू लागतात आणि घरात कुणीतरी म्हणतंच, ‘गोळ्यांनी वाट लावली.’

मुळात तो पहिला रक्तस्राव पाळी नसतोच. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या माला-एनच्या पाकिटात २१ गोळ्या हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या असतात. हार्मोन थांबलं की गर्भाशयाचं अस्तर गळतं, म्हणून त्या सात दिवसांत रक्त जातं. या काळात अंडाशय झोपलेलंच असतं, कारण त्याला जागं करणारे मेंदूकडचे संदेश गोळीने दाबून ठेवलेले असतात. गोळी बंद केल्यावर ते संदेश पुन्हा सुरू होतात, एक बीज तयार होऊन बाहेर पडतं आणि त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी येते ती खरी पाळी. बहुतेकींच्या बाबतीत याला चार ते सहा आठवडे लागतात. कुणाला तीन महिनेही लागतात, तेवढी वाट पाहायला हरकत नाही. गोळी एक वर्ष घेतली की आठ वर्षं, यावर हा काळ फारसा अवलंबून नसतो. तिची औषधं काही दिवसांतच शरीराबाहेर गेलेली असतात, त्यामुळे ‘साठलेले हार्मोन’ काढून टाकणाऱ्या काढ्यांवर पैसे घालवू नयेत.

तीन महिन्यांनी घ्यायच्या ‘अंतरा’ इंजेक्शनचा हिशेब मात्र वेगळा आहे. शेवटच्या इंजेक्शननंतर गर्भधारणेची क्षमता परतायला सात ते दहा महिनेही लागू शकतात. पूजेसाठी किंवा लग्नासाठी पाळी पुढे ढकलायला घेतलेल्या गोळ्याही या चर्चेत येत नाहीत.

एक उदाहरण घेऊ. ते अनेकींच्या अनुभवांवरून बेतलेलं आहे, नाव काल्पनिक. मेधा सत्तावीस वर्षांची. बाविसाव्या वर्षी तिने ड्रॉस्पिरेनोन असलेली गोळी सुरू केली, कारण पाळी दोन-दोन महिन्यांनी यायची आणि चेहरा मुरमांनी भरलेला असायचा. गोळीने दोन्ही सुरळीत झालं. आता मूल हवं म्हणून तिने ती थांबवली. तिसऱ्या दिवशी रक्तस्राव झाला, पुढे काहीच नाही. दहाव्या आठवड्यात जबड्याच्या कडेने मुरूम आले.

पहिली गोष्ट सर्वांत स्वस्त, आणि तीच राहून जाते: लघवीवरची गर्भचाचणी. बीज पाळीच्या आधी बाहेर पडतं, त्यामुळे गोळी थांबवल्यावर एकदाही पाळी न येता दिवस जाऊ शकतात. ‘पाळीच नाही, मग दिवस कसे जातील?’ हा प्रश्न दवाखान्यात नेहमी ऐकू येतो. चाचणी नकारार्थी आली आणि तरीही पाळी आली नाही, तर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा करावी. पाळी चुकलेली असताना ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ, चक्कर किंवा खांद्यात दुखणं असेल, तर थांबू नये. गर्भ नळीत राहिला असण्याची शक्यता असते, त्यामुळे त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

मेधाची चाचणी नकारार्थी होती. तीन महिने पूर्ण झाल्यावर ती स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेली. डॉक्टरांनी आधी विचारलं, ‘गोळी सुरू करण्याआधी तुझी पाळी कशी होती?’ खरा धागा इथे आहे. गोळी हा पडदा असतो. त्यामागचं दुखणं ती बरं करत नाही, फक्त दिसू देत नाही. मेधाची पाळी आधीच लांबायची, म्हणून संशय पीसीओएसचा. ज्यांची पाळी आधी घड्याळासारखी होती, त्यांच्याबाबतीत गोळीच्या काळात काय बदललं ते शोधावं लागतं: झपाट्याने घटलेलं वजन, टोकाचा व्यायाम, मोठा ताण, थायरॉइड किंवा स्तनात दूध उतरवणाऱ्या प्रोलॅक्टिनची वाढ. चाळिशीच्या आत अंडाशय थकणं कमी आढळतं, पण तेही गोळीआड लपून राहू शकतं.

तपासण्या मोजक्याच लागतात: टीएसएच, प्रोलॅक्टिन, एफएसएच, इस्ट्रॅडिओल आणि मुरूम किंवा नको त्या जागी केस असतील तर टेस्टोस्टेरॉन. गरजेनुसार सोनोग्राफी. टेस्टोस्टेरॉनची तपासणी गोळी चालू असताना किंवा नुकतीच थांबवल्यावर केली तर आकडा फसवतो, म्हणून पीसीओएसचं निदान करताना गोळी थांबवून किमान तीन महिने जाऊ द्यावेत, असं २०२३ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. मेधाचं टेस्टोस्टेरॉन थोडं वाढलेलं निघालं, बाकी सगळं ठीक. तिला बीज तयार होण्यासाठी औषध द्यायचं ठरलं. मूल नको असतं, तरी पाळी महिनोन्‌महिने लांबू देणं बरं नव्हतं. अस्तर जाड होत जातं.

आता मुरमांकडे. गोळीतल्या इस्ट्रोजेनमुळे यकृत एक प्रथिन जास्त बनवतं आणि ते रक्तातलं मोकळं टेस्टोस्टेरॉन बांधून ठेवतं. त्वचेच्या तेलग्रंथींना उत्तेजन कमी मिळतं, चेहरा स्वच्छ होतो. ड्रॉस्पिरेनोन आणि सायप्रोटेरोन हे घटक तर टेस्टोस्टेरॉनचा परिणाम थेट अडवतात. गोळी थांबली की हे सगळं हळूहळू उलटतं, म्हणून मुरूम पहिल्या आठवड्यात दिसत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी उमटतात. पूर्वी मुरूम नसलेल्या स्त्रीला फक्त गोळी थांबवली म्हणून चेहरा भरून येणं अपवादानेच घडतं.

उपाय ठरतो तो मूल हवं की नको यावर. मूल नको असेल तर अ‍ॅडापलीन आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड हा साधा आणि चांगला मार्ग आहे. परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे जातात. गर्भधारणेचा प्रयत्न चालू असेल तर अ‍ॅडापलीन टाळतात, अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड वापरतात. आयसोट्रेटिनॉइनमुळे बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं, म्हणून प्रयत्न चालू असताना ते घेऊच नये. आणि औषधाच्या दुकानातून ‘गोरेपणाची’ म्हणून मिळणारी स्टेरॉइड मिसळलेली मलमं? पहिले काही दिवस चेहरा खुलतो, मग लाली, पातळ कातडी आणि आधीपेक्षा वाईट मुरूम.

मुरूम आले म्हणून गोळी पुन्हा सुरू करण्याचा मोहही होतो. महिन्याभराच्या खंडानंतर गोळी सुरू केली की पायाच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका पहिल्या काही महिन्यांत पुन्हा वाढतो. तो एकंदरीत कमीच असतो. पण पस्तिशी ओलांडलेली आणि धूम्रपान करणारी, दृष्टीत चमक येणाऱ्या अर्धशिशीची किंवा पूर्वी गुठळी झालेली स्त्री असेल, तर ही गोळी तिच्यासाठी नाही.

तीन महिने थांबायचं नाही, अशी काही लक्षणं आहेत: बाळ नसताना स्तनातून दूध येणं, डोकेदुखीसोबत कडेचं दिसेनासं होणं, कमी वयात अंगातून गरम वाफा येणं. आवाज जाड होणं, किंवा चेहऱ्यावर काही महिन्यांतच दाट केस येणं, हे साध्या पीसीओएसमध्ये बसत नाही. अंडाशयावर वा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीवर गाठ आहे का, ते लगेच पाहावं लागतं. क्युरेटिंग झालेलं असेल किंवा क्षयरोगाचा इतिहास असेल, तर डॉक्टरांना तेही आवर्जून सांगावं, कारण गर्भाशयाचं अस्तर चिकटल्यानेही पाळी थांबते, आणि तेव्हा रक्ताचे सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात.