गळ्यावरचा पिवळा डाग : फोटोवरून पक्ष्याचे अचूक चित्र

गेल्या एप्रिलमध्ये आम्ही साताऱ्याकडच्या गावी गेलो होतो. घरामागे एक जुने आंब्याचे झाड आहे. त्याच्या वाळक्या फांदीवर एक चिमणी सारखी येऊन बसायची. आमच्या भाचीने तिचे पाच-सहा फोटो काढले. गावातल्या शाळेला परिसरातल्या पक्ष्यांचा चित्रतक्ता हवा होता आणि तो तयार करायचे काम भाचीने अंगावर घेतले होते. चित्र काढायचे काम ओघानेच आमच्याकडे आले.

त्यातला सगळ्यात स्पष्ट फोटो निवडून आम्ही तो हुबेहूब उतरवला आणि गावातल्या एका निवृत्त गुरुजींना दाखवला. त्यांचे आयुष्य पक्षी बघण्यात गेले आहे. चित्र हातात धरून ते म्हणाले, "छान जमलंय भाई. घरचिमणीचा नर ना?"

भाची हिरमुसली. ती घरचिमणी नव्हतीच. ती होती रानचिमणी, म्हणजे पिवळ्या गळ्याची चिमणी. फोटो खरा होता, आम्ही तो इमानाने उतरवला होता, तरी चित्र खोटे निघाले. तक्ता तसाच भिंतीवर लागला असता तर शाळेतली सगळी मुले चुकीचा पक्षी शिकली असती. हे कसे घडले आणि आम्ही ते कसे दुरुस्त केले, ते वाचकांसमोर ठेवतो.

फोटो कुठे फसवतो

फोटो एका क्षणाचा असतो. त्या क्षणाचे ऊन, त्या क्षणाची सावली आणि त्या क्षणी पक्षी कसा बसला होता, हे सगळे त्यात येते. पक्षी ओळखण्याच्या पुस्तकातले चित्र मात्र त्या जातीचे असते. पाहणाऱ्याला तो पक्षी उद्या दुसऱ्या झाडावर, दुसऱ्या उजेडात दिसला तरी ओळखू यावा, यासाठी ते काढलेले असते.

आमच्या फोटोत ऊन डोक्यावरचे होते. चोचीची आणि हनुवटीची सावली गळ्यावर पडून तिथे काळपट पट्टा उमटला होता. आम्ही तो पट्टा रंगवला. घरचिमणीच्या नराची खूणच मुळी गळ्यावरचा काळा डाग ही आहे. गुरुजींची नजर थेट तिथे गेली आणि त्यांनी चित्रात जे दिसले ते सांगितले.

दुसरी गफलत पिवळ्या डागाची. नराच्या गळ्यावर हा डाग असतो, पण पक्षी मान आखडून बसला की तो पिसांत दडतो. आमच्या फोटोत मान आखडलेली होती, त्यामुळे ज्या खुणेवरून या चिमणीला नाव मिळाले तीच चित्रात नव्हती.

तिसरी गफलत शेपटीची. पक्षी थोडा कॅमेऱ्याकडे वळून बसला होता, म्हणून शेपटी आखूड दिसत होती. छातीच्या दोन्ही बाजू दिसत असतील तर पक्षी पूर्ण कुशीवर नाही, हे ओळखावे आणि त्या फोटोवरून लांबी मोजू नये.

एक फोटो पुरत नाही

आम्ही भाचीचे सगळे फोटो समोर मांडले. एकात पक्षी नीट कुशीवर होता. तो जरा धूसर होता, पण बाह्यरेषा आणि लांबी त्यातून मिळाली. एकात मान वर करून तो आवाज करत होता, त्यात पिवळा डाग स्वच्छ दिसत होता. ढगाळ सकाळचा एक फोटो होता. त्यात ना चमक ना सावली, म्हणून रंग त्यावरून घ्यायचे ठरले. आमचा पहिला, सगळ्यात स्पष्ट फोटो फक्त पंखाची पिसे बघण्यापुरता ठेवला.

"मामू, असे तुकडे जोडले तर ते खोटं नाही का होणार?" भाचीने विचारले.

प्रश्न रास्त होता. आम्ही दोन नियम ठरवले. पहिला, सगळे फोटो एकाच जातीच्या, एकाच लिंगाच्या आणि एकाच हंगामातल्या पक्ष्याचे असावेत. या चिमणीच्या मादीचा खांदा फिका असतो आणि गळ्यावरचा पिवळा रंग पुसट असतो. विणीच्या काळात नराची चोच काळी होते. नराचा खांदा, मादीचा गळा आणि दुसऱ्याच मोसमातली चोच एकत्र केली, तर जगात नसलेला पक्षी तयार होईल. दुसरा नियम, जी खूण एकाही फोटोत दिसत नाही ती अंदाजाने रंगवायची नाही.

खूण पिसावर असते

बाह्यरेषेसाठी आम्ही सोपा मार्ग धरला. ही चिमणी चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे १४ सेंटीमीटर भरते. चित्र दीडपट मोठे करायचे म्हणून कुशीवरचा फोटो असा छापून घेतला की त्यात पक्ष्याची लांबी २१ सेंटीमीटर यावी. तो खिडकीच्या काचेवर चिकटवून पातळ कागदावर बाह्यरेषा गिरवली. मग चोचीची लांबी हे माप धरून डोके, पंख आणि शेपटी पुन्हा तपासली. चोच जरा जरी जाड झाली तरी पक्षी घरचिमणीकडे झुकतो, कारण रानचिमणीची चोच तिच्यापेक्षा सडपातळ आणि टोकदार असते.

आता पंख. पहिल्या चित्रात आम्ही पंखावर दोन पांढऱ्या रेघा ओढून मोकळे झालो होतो. गुरुजींनी आम्हाला कौलारू छप्पर बघायला सांगितले. मिटलेल्या पंखावर पिसांच्या ओळी कौलांसारख्या एकावर एक बसलेल्या असतात. सगळ्यात वर खांद्यावरची बारीक पिसे, त्यांच्या खाली मधल्या पिसांची एक ओळ, तिच्याखाली मोठ्या पिसांची ओळ आणि मग उडण्याची लांब पिसे.

रानचिमणीच्या नराची खांद्यावरची बारीक पिसे तांबूस-तपकिरी असतात. मधल्या ओळीतल्या पिसांची टोके पांढरी असतात. ती टोके एकाशेजारी एक आली की वरचा रुंद पांढरा पट्टा दिसतो. मोठ्या पिसांची टोके फिकट असतात, त्यांचा खालचा अरुंद पट्टा होतो. म्हणजे पट्टा ही रेघ नसून टोकांची रांग आहे. तो पिसांच्या ओळीसोबत सुरू होतो, ओळीसोबत वळतो आणि ओळ संपते तिथेच संपतो.

म्हणून या वेळी आम्ही आधी पेन्सिलीने पिसांच्या ओळी आखल्या. मग एकेका पिसाचे टोक कोरे सोडून बाकीचे रंगवले. जलरंगात पांढरे म्हणजे कोरा कागदच. पट्टा आपोआप जागेवर आला. तांबूस डागही मधल्या ओळीवर न सांडता खांद्यावरच राहिला.

यात एक बारकावा लक्षात ठेवावा. पिसांची टोके झिजतात. नवी पिसे आल्यावर पट्टा रुंद दिसतो, विणीचा हंगाम संपेपर्यंत तो बारीक झालेला असू शकतो. त्यामुळे फोटो कोणत्या महिन्यातला आहे, हे चित्राखाली लिहून ठेवावे.

रंग आणि सावली

पुस्तकातल्या चित्रात ऊन-सावलीचा खेळ नसतो. पोट गोल दिसावे एवढीच हलकी छटा द्यावी. गडद सावली दिली की ती रंगाची खूण वाटते, हे आम्ही शिकलो होतोच. झाडाखाली काढलेल्या फोटोत पोटावर पानांचा हिरवा उजेड पडतो, संध्याकाळच्या उन्हात सगळा पक्षी पिवळसर होतो. यातले काहीही पक्ष्याचे स्वतःचे नसते. एक ओळखण्याची युक्ती सांगतो. तीच छटा शेजारच्या फांदीवरही दिसत असेल तर ती उजेडाची आहे, पिसांची नाही.

अंगाच्या राखाडी-तपकिरी रंगासाठी बर्न्ट अंबरमध्ये थोडा अल्ट्रामरीन निळा मिसळला. खांद्यासाठी बर्न्ट सायना वापरला. पोट मळकट पांढरे असल्याने तिथे पाणीदार राखाडी रंगाचा एकच हात दिला. पाठ आणि डोके साधेच ठेवले. घरचिमणीच्या पाठीवर गडद रेघा असतात, रानचिमणीच्या नसतात. हात सवयीने तिथे रेघा ओढू पाहतो, तो आवरावा लागतो. शेवटी हनुवटीचा पांढरेपणा राखून तिच्याखाली लेमन यलोचा छोटा डाग दिला. तो भडक केला नाही, मान वर केलेल्या फोटोत होता तेवढाच.

त्या डागाची गोष्ट

या डागाचा इतिहास ठाऊक असलेले वाचक असतील. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या एका मुस्लिम घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाने छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. नेहमीच्या चिमण्यांपेक्षा वेगळा असा पिवळा डाग तिच्या गळ्यावर दिसला. अशी चिमणी खाणे जायज आहे का, हे विचारायला तो मामांकडे, अमीरुद्दीन तय्यबजींकडे गेला. मामांनाही ती ओळखता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथे मिलार्ड साहेबांनी पक्षी ओळखला आणि मुलाला पेंढा भरून जतन केलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला. तो मुलगा म्हणजे डॉ. सलीम अली. त्यांचे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' १९४१ मध्ये आले. आत्मचरित्राच्या नावातही त्यांनी ती चिमणी ठेवली. त्या मुलाची नजर त्या एका डागावर अडली होती, आणि आमच्या पहिल्या चित्रात नेमका तोच डाग नव्हता.

शेवटची परीक्षा

नवे चित्र पूर्ण झाल्यावर त्याखाली नाव न लिहिता आम्ही दोन गोष्टी केल्या. चित्राची लहान प्रत काढली, पक्षी जेमतेम ५ सेंटीमीटरचा होईल एवढी. गळ्याचा डाग, तांबूस खांदा आणि वरचा पांढरा पट्टा त्यातही वाचता येत होते. खालचा पट्टा पुसट झाला, पण दूरच्या फांदीवरचा पक्षी पाहतानाही तो असाच हरवतो, म्हणून तो मुद्दाम गडद केला नाही.

मग भाची एकटीच गुरुजींकडे गेली. त्यांनी चष्मा वर करून चित्र पाहिले, खांद्यावर बोट ठेवले, मग गळ्यावर. "रानचिमणी. नर आहे. चोच काळी, म्हणजे विणीच्या दिवसांतला," ते म्हणाले.

तक्त्यावर त्या चित्राखाली आता तिच्या अक्षरात लिहिले आहे : रानचिमणी, नर, एप्रिल. शेजारी घरचिमणीच्या नराचे चित्र आहे, काळ्या गळ्याचे. तिथली सावली नव्हे, खरा काळा डाग.