बिनकॉफीची कॉफी

डॉक्टरांनी कॉफी बंद करायला सांगितली की बरेच जण किराणा दुकानात जाऊन ‘चिकोरीची कॉफी’ मागतात, आणि दुकानदार फिल्टर कॉफीचं पाकीट पुढे करतो. घरी येऊन पाकिटाची मागची बाजू वाचली तर तिथे बारीक अक्षरांत लिहिलेलं सापडतं : कॉफी ५३ टक्के, चिकोरी ४७ टक्के. म्हणजे अर्ध्याहून जास्त कॉफीच. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि तिचं प्रमाण पाकिटावर छापावं लागतं.

हिशेब करून पाहू. भाजलेल्या कॉफीच्या पुडीत ढोबळमानाने दीड टक्का कॅफिन असतं असं धरलं, तर १० ग्रॅम निव्वळ कॉफीतून सुमारे १५० मिलिग्रॅम कॅफिन पोटात जातं. तेवढ्याच वजनाच्या ५३-४७ मिश्रणातून साधारण ८० मिलिग्रॅम जातं. कॅफिन निम्मं झालं, संपलं नाही. ‘डिकॅफ’ कॉफीतही ते किंचित उरतंच. कॅफिन अजिबात नको असेल, तर कपात कॉफीचं बी असता कामा नये. मग उरतात भाजलेले जव, चिकोरीचं मूळ आणि काही बिया.

हे पर्याय आरोग्याच्या नव्या खुळातून आलेले नाहीत. ते तंगीतून आले. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक कॉफीपायी परदेशी जाणाऱ्या पैशावर खट्टू होता. १७८१ मध्ये त्याने कॉफी भाजण्याचा हक्क सरकारच्या ताब्यात घेतला आणि चोरून कॉफी भाजणारी घरं वासावरून हुडकायला निवृत्त सैनिक नेमले. चिकोरीच्या मुळांपासून पूड करणारे कारखाने त्या सुमारास जर्मन मुलखात उभे राहू लागले होते. पुढे १८०६ मध्ये नेपोलियनने ब्रिटिश व्यापाराची नाकेबंदी केली आणि युरोपात कॉफी दुर्मीळ झाली, तेव्हा फ्रान्सही चिकोरीकडे वळला. नाकेबंदी उठल्यावरही तिची चव लोकांच्या जिभेवर राहिली. इटलीत जवाची ‘ऑर्झो’ अशीच टंचाईच्या दिवसांत रुळली आणि आजही तिथल्या कॅफेत एस्प्रेसोच्या शेजारी मिळते.

हे पर्याय कॉफीच्या किती जवळ जातात हे ठरवायचं, तर आधी कॉफीत काय काय असतं ते वेगळं काढायला हवं. गडद रंग, कडवटपणा, आंबटसर धार, तोंडात जाणवणारा दाटपणा, सुगंध आणि तरतरी. यातल्या कडवटपणाबद्दल एक गैरसमज आहे. तो कॅफिनमुळे येतो असं आपण धरून चालतो, पण कॅफिनचा त्यातला वाटा लहान आहे, सुमारे १५ टक्के. बाकीचा बहुतेक कडवटपणा कॉफीच्या बियांमधलं क्लोरोजेनिक आम्ल भाजताना मोडतं त्यातून तयार होतो. म्हणून कॅफिन काढलेली कॉफीही कडूच लागते, आणि म्हणूनच कॅफिन नसलेल्या दुसऱ्या पदार्थातून कडवटपणा मिळवणं फारसं अवघड जात नाही.

चिकोरी या कामात सर्वांत पुढे आहे. ही सूर्यफुलाच्या कुळातली, निळ्या फुलांची वनस्पती. युनानी वैद्यकात तिला कासनी म्हणतात. भारतात तिची लागवड मुख्यतः गुजरातेत जामनगर, खेडा या भागांत आणि उत्तर प्रदेशात एटाच्या आसपास होते. तिचं मूळ मुळ्यासारखं लांब आणि जाड असतं. ते धुऊन, तुकडे करून, वाळवून मग भाजतात. या मुळाच्या सुक्या भागात निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त इन्युलिन नावाचं तंतुमय कर्बोदक असतं. उष्णतेने इन्युलिनचा बराच भाग मोडून त्यातून फळांतली साखर सुटते आणि ती साखर करपत करपत कॅरमल होते. तांबूस काळा रंग आणि जळक्या साखरेची गोडसर छटा तिथून येते. कडवटपणा मात्र मुळाचा स्वतःचा असतो. पानं तोडल्यावर जो पांढरा चीक निघतो, त्यातले कडू घटक मुळातही असतात.

चिकोरी पाण्यात कॉफीपेक्षा फार जास्त विरघळते. चांगली काढलेली कॉफीही आपल्या वजनाचा फार तर तीस टक्के भाग पाण्याला देते, चिकोरी त्याच्या दुपटीने देते. त्यामुळे ती कमी घातली तरी काढा दाट आणि काळा होतो. घरच्या एका परीक्षेचं मूळही यातच आहे. थंड पाण्याच्या पेल्यावर पूड भुरभुरवावी. कॉफीचे तेलकट कण काही वेळ तरंगत राहतात, तर चिकोरीचे कण तपकिरी रेघा सोडत चटकन खाली बसतात. तुमच्या पाकिटात काय आहे, ते बरचसं असं कळतं.

जवाचं गणित वेगळं. जव, म्हणजे आपण ज्याला सातूही म्हणतो ते धान्य, मुख्यतः पिष्टमय आहे. भाजताना त्यातली शर्करा आणि प्रथिनं एकमेकांशी संयोग पावतात आणि पावाच्या करपलेल्या कडेला येतो तसा खमंग वास सुटतो. या वासाचे काही घटक भाजलेल्या कॉफीतही असतात, त्यामुळे नाकाला क्षणभर ओळख पटते. जपानमधला ‘मुगिचा’ आणि कोरियातला ‘बोरिचा’ याच भाजलेल्या जवाचे, पण तिथे दाणे हलके भाजून पाण्यात टाकतात आणि ते पाणी उन्हाळ्यात गार करून पितात. कॉफीच्या जवळ जायचं तर भाजणं बरंच पुढे न्यावं लागतं.

घरी करून पाहायचं असेल तर जाड बुडाची लोखंडी कढई घ्या आणि तिच्यात एका वेळी १०० ग्रॅमच जव टाका. मध्यम आचेवर सतत परतत राहा. काही मिनिटांत दाणे तडतडू लागतात आणि सातूच्या पिठाचा वास येतो. रंग सोनेरी झाला की मुगिचा तयार, पण आपण थांबायचं नाही. आच थोडी कमी करून आणखी परतायचं. दाणे विटकरी, मग गडद तपकिरी होतात आणि पातळ धूर दिसू लागतो. आता एक दाणा काढून फोडून पाहा. बाहेरून काळा आणि आतून पांढरट असेल तर आच जास्त झाली. अशा जवाची कॉफी एकाच वेळी जळकी आणि कच्ची लागते. आतूनही दाणा तपकिरी दिसला की लगेच परातीत पसरा, कारण कढईत राहिले तर दाणे स्वतःच्याच उष्णतेने पुढे भाजत जातात. एकूण काम वीस ते पंचवीस मिनिटांचं. खिडकी मात्र उघडी हवी.

गार झाल्यावर दाणे रवाळ वाटा. पिठासारखे बारीक वाटले तर उरलेला पिष्टांश पाण्यात फुगतो, गाळणी तुंबते आणि कपात पेजेसारखा चिकटपणा येतो. एका कपाला दोन चमचे पूड पाण्यात चार-पाच मिनिटं उकळून गाळा. नुसत्या जवाची कॉफी खमंग असते, पण कडवटपणात उणी पडते. तीन भाग जवाला एक भाग निव्वळ चिकोरीची पूड मिसळली की ही उणीव बरीच भरून निघते. युरोपातल्या तयार पर्यायांमध्ये धान्य आणि चिकोरी एकत्र दिसतात ती याच कारणाने.

बियांच्या कॉफीची यादी लांब आहे : खजुराच्या बिया, चिंचोके, भेंडीच्या पक्व बिया, कोकणात पावसाळ्यात उगवणाऱ्या टाकळ्याच्या बिया. भाजल्यावर यांतून रंग आणि थोडा खमंगपणा मिळतो. खजुराची बी तर इतकी कठीण असते की घरचा मिक्सर दमतो, आणि त्या मानाने चव बेताचीच. इथे एक इशारा महत्त्वाचा. टाकळ्याच्याच जातभाईंपैकी कासविंदा नावाच्या झाडाच्या बियाही काही देशांत भाजून कॉफीसारख्या वापरल्या गेल्या आहेत. पण त्याच्या कच्च्या बिया खाल्ल्याने पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांचं यकृत, स्नायू आणि मेंदू यांवर परिणाम होऊन मृत्यू झाल्याचं तिथल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं आहे. या दोन झाडांत नवख्याची गफलत सहज होते. म्हणून रस्त्याकडेच्या शेंगा तोडून कॉफी करायच्या फंदात पडू नये.

आता मूळ प्रश्न. रंगात हे पर्याय कॉफीशी बरोबरी करतात. कडवटपणात चिकोरी जवळ जाते, पण तिचा कडूपणा गोडसर आणि काहीसा काढ्याच्या अंगाने जाणारा असतो. आंबटसर धार जवळपास नसतेच. दाटपणाचं थोडं वेगळं आहे. कॉफीच्या बीमध्ये तेल असतं, अरबिकात तर जवळजवळ पंधरा टक्के. जवात आणि चिकोरीत ते नगण्य असतं. त्यामुळे पाण्यात केलेली बिनकॉफीची कॉफी पोकळ वाटते. दूध घातलं की दुधातला स्निग्धांश ती जागा भरतो, म्हणून आपल्या पद्धतीच्या दूध-साखरेच्या कपात फरक बराच बुजतो.

सुगंधापाशी मात्र सगळे पर्याय हरतात. भाजलेल्या कॉफीत आठशेहून जास्त गंधद्रव्यं सापडतात आणि तिची खास ओळख ठरवणारी काही गंधकयुक्त आहेत. ती अत्यल्प प्रमाणातही नाकाला जाणवतात. जव किंवा चिकोरी कितीही भाजली तरी ती त्या जोडीने आणि त्या प्रमाणात तयार होत नाहीत. तरतरी तर कॅफिनशिवाय येणारच नाही.

कॅफिन नाही म्हणजे काहीच पथ्य नाही, असं मात्र समजू नये. जवात ग्लुटेन असतं, त्यामुळे सिलिअ‍ॅक आजाराच्या रुग्णांनी तो टाळावा. चिकोरीतल्या उरलेल्या इन्युलिनने काहींच्या पोटात वायू धरतो. जास्त भाजलेल्या पिष्टमय पदार्थांत अ‍ॅक्रिलामाइड हे नकोसं रसायन तयार होतं, आणि चिकोरीत ते कॉफीपेक्षा जास्त असतं. युरोपीय संघाने ठरवलेली निर्देशक पातळी भाजलेल्या कॉफीसाठी दर किलोला ४०० मायक्रोग्रॅम आहे, तर निव्वळ चिकोरीच्या पर्यायांसाठी ४०००. चिकोरी कपात कमी लागते हे खरं, तरी दिवसभर तीच पीत राहण्यापेक्षा जवाचा भाग मोठा ठेवणं शहाणपणाचं.

रोज तीन-चार कप कॉफी पिणाऱ्याने ती एका दिवसात सोडली, तर दुसऱ्या दिवशी डोकं दुखण्याची शक्यता मोठी असते, आणि हे दुखणं आठवडाभरही रेंगाळू शकतं. त्याऐवजी पहिल्या आठवड्यात पाव भाग, दुसऱ्यात निम्मा, तिसऱ्यात पाऊण भाग असं करत जव-चिकोरीचं मिश्रण कॉफीत वाढवत न्या. ज्यांना कॉफी चालते त्यांनी सकाळचा एक कप खऱ्या कॉफीचा ठेवावा आणि संध्याकाळचा जवाचा, म्हणजे झोपेचं खोबरं होणार नाही. आणि पाकीट घेताना पुढचं चित्र नव्हे, मागची टक्केवारी वाचा.