जुन्या सॅन अँड्रियासवर नवा रंग

‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास’ या गेममध्ये ‘टफ नट डोनट्स’ नावाचं एक दुकान आहे. नट म्हणजे स्क्रूवर बसवतात तो, म्हणून दुकानावर शोभेला षटकोनी नट. जुन्या गेममध्ये त्याचे कोपरे स्पष्ट दिसतात. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये या गेमचं रीमास्टर आलं आणि तो नट गोल गुळगुळीत झालेला निघाला. जुन्या आकृत्यांमधले कोपरे म्हणजे कच्चं काम समजून कुणीतरी, किंवा कशानेतरी, ते घासून टाकले होते. विनोद मात्र कोपऱ्यांतच होता.

रीमास्टर घ्यायचं की नाही, हा प्रश्न मूळ गेम घरात असणाऱ्याला जास्त छळतो. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने किंमत बघावी आणि ठरवावं. (आपल्याकडे ‘ओरिजिनल’ म्हणजे पायरेटेड नसलेली, असाही एक अर्थ आहे. सायबर कॅफेत ताशी पैसे मोजून खेळलेल्यांपैकी किती जणांकडे ती होती, हे विचारू नये.) माझ्याकडे 2005 ची पीसीची डीव्हीडी आहे. म्हणून प्रश्न एवढाच होता : जुन्या गेममधलं मला नक्की काय सलतं, आणि नवी ते दुरुस्त करते का?

आधी सलणारी गोष्ट. जुनी गेम चित्रांचा वेग मुद्दाम बांधून ठेवते. सेकंदाला साधारण 25-30 चित्रं, त्याहून जास्त नाही. आजच्या मॉनिटरवर हे अडखळल्यासारखं वाटतं, म्हणून हात शिवशिवतो आणि आपण सेटिंगमध्ये जाऊन ‘फ्रेम लिमिटर’ बंद करतो. मग दुसरंच काहीतरी होतं. सीजे पोहायला लागला की जागच्या जागी हात मारत राहतो. गेममधला काही हिशेब त्या ठरावीक वेगावर बेतलेला आहे, त्यामुळे चित्रं वाढली की गणित फिसकटतं. रीमास्टरमध्ये 60 चित्रांचा वेग धरूनच बांधणी केली आहे. माझ्या मते नवी घेण्याचं हे सगळ्यात खरं कारण. चकचकीत गाड्या त्यानंतर.

दुसरं कारण मोहिमांचं. रेल्वेच्या टपावरच्या माणसांना मोटारसायकलवरून गाठायची ती मोहीम आठवत असेल. बिग स्मोक मागे बसून गोळ्या झाडतो आणि नेम चुकवतो. जुन्या गेममध्ये हरलात की जिथे असाल तिथून गाडी हाकत पुन्हा त्याच्या घरी, पुन्हा तीच बडबड, पुन्हा तोच रूळ. रीमास्टरमध्ये हरलेली मोहीम लगेच पुन्हा सुरू करता येते. वीस वर्षांपूर्वी आपल्याकडे वेळ होता, आता रात्री साडेदहानंतरचा एक तास असतो.

आता हरवतं काय, ते. एक म्हणजे धुकं. मूळ गेम प्लेस्टेशन 2 साठी बनली. त्या यंत्राला लांबवरचं चित्र काढणं झेपत नसे, म्हणून दूरचा भाग धुरकट ठेवला. ही लपवाछपवी होती, पण तिच्यामुळेच तो मुलूख अफाट वाटायचा. रीमास्टरमध्ये धुकं काढलं आणि माउंट चिलियाडवर उभं राहिलं की दूरची शहरं एका नजरेत दिसू लागली. तीन शहरांचं राज्य एकदम तालुक्याएवढं झालं. दुसरं म्हणजे पाऊस. तो सुरुवातीला पडद्यावर पांढऱ्या रेघा ओढल्यासारखा पडायचा आणि त्यात रस्ता दिसत नसे. टीका इतकी झाली की आठवड्याभरात रॉकस्टारने जाहीर माफी मागितली आणि दुकानातून काढून टाकलेल्या जुन्या पीसी आवृत्त्या परत विकायला ठेवल्या.

म्हणूनच अशा खरेदीत तारखेला महत्त्व. 2021 मध्ये 60 डॉलरला विकली गेलेली ती ट्रिलॉजी आणि आज मिळणारी ट्रिलॉजी एकच नव्हे. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या अपडेटने Classic Lighting नावाची सोय दिली. ती चालू केली की आकाशाचा जुना रंग आणि हवेतला धुरकटपणा बऱ्यापैकी परत येतो. पहिल्या आठवड्यातली परीक्षणं वाचून आज निर्णय घेणं म्हणजे मागच्या पावसाळ्यातल्या खड्ड्यांवरून या वर्षीचा रस्ता ठरवणं. तो सुधारलेलाही असतो, क्वचित.

गाणी मात्र अपडेटने परत येत नाहीत. गेममधल्या रेडिओवरची गाणी भाड्याने घेतलेली असतात, मुदत संपली की काढावी लागतात. रेज अगेन्स्ट द मशीनचं ‘किलिंग इन द नेम’ रीमास्टरमध्ये नाही. पण ते स्टीमवरच्या जुन्या गेममध्येही राहिलं नाही. 2014 मध्ये अपडेट आलं आणि ज्यांनी आधीच पैसे मोजले होते त्यांच्याही संगणकावरून काही गाणी गेली. डीव्हीडीवाल्यांचा रेडिओ तेवढा अभंग राहिला. तेव्हा ‘माझ्याकडे मूळ आहे’ म्हणताना ती कशात आहे, हे आधी बघावं.

चकतीचं दुखणं वेगळं. नव्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह नसतो आणि जुनी गेम नव्या विंडोजवर हळूहळू उसवत जाते. विंडोज 11 चं 24H2 हे अपडेट आल्यावर सॅन अँड्रियासमधलं ‘स्किमर’ हे पाण्यावर उतरणारं विमानच दिसेनासं झालं. कारण मजेशीर आहे. वाहनांची माहिती असलेल्या vehicles.ide या फाइलमध्ये त्या विमानाच्या ओळीत चाकांच्या मापाचे आकडे लिहायचे राहून गेले होते. गेम त्या जागी मेमरीत आधीचं जे उरलेलं असेल ते उचलायची आणि वीस वर्षं ते नशिबाने बरोबर निघायचं. नव्या विंडोजने मेमरीची ती जागा वेगळ्या तऱ्हेने वापरली आणि नशीब संपलं. ही चूक शोधली ती ‘सायलेंटपॅच’ करणाऱ्या हौशी प्रोग्रामरने. तो पॅच फुकट आहे, त्याच्या फाइली gta_sa.exe असलेल्या फोल्डरमध्ये टाकायच्या की झालं. जुन्या गेममधल्या अशा कितीतरी चुका त्याने निघतात. रीमास्टरला पैसे देण्याआधी हा अर्धा तास द्यावा, असं मी सांगेन. कित्येकांचा प्रश्न तिथेच मिटेल.

मिटला नाही, तर स्टीमवर घ्यावी. खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेली असेल तर पैसे परत मिळतात. पण ते दोन तास सुरुवातीचे प्रसंग बघण्यात घालवू नयेत. जुने सेव्ह नव्या गेममध्ये चालत नाहीत, गोष्ट पहिल्यापासूनच सुरू होते. जुने मॉडही चालत नाहीत, कारण चित्रं काढणारं इंजिन आता वेगळं आहे. मारुती घातलेली तुमची गेम जुन्याच फोल्डरमध्ये राहणार. मी प्रसंग गाळले, Classic Lighting चालू केलं आणि ग्रोव्ह स्ट्रीटवरून सायकल काढली. भर रस्त्यात चित्र अडखळतं का ते बघितलं, टीव्हीला जोडून कंट्रोलरने गाडी चालवली. पन्नास मिनिटांत उत्तर मिळालं.

काही कंपन्या जुन्या गिऱ्हाइकाला सवलत देतात. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट 2’ प्लेस्टेशन 4 वर असेल तर 2024 चं रीमास्टर 10 डॉलरमध्ये मिळत होतं. मात्र चकतीवाल्यांना खेळताना जुनी चकती आत ठेवावीच लागते, म्हणजे ड्राइव्ह नसलेल्या प्लेस्टेशन 5 वर ती सवलत कुचकामी. ट्रिलॉजी आली तेव्हा जुन्या मालकांना असलं काही नव्हतं, म्हणून मी सेलची वाट पाहिली.

परत केली नाही. सोफ्यावर बसून कंट्रोलरने खेळायला नवी, रात्री हेडफोन लावून नुसतं गाडीतून हिंडायचं असेल तेव्हा जुनी. भाच्याला दोन्ही दाखवल्या. त्याने जुनी दहा मिनिटं खेळली आणि विचारलं, ‘‘मामा, यात नकाशावर रस्ता का दाखवत नाही?’’