चौसष्ट याद्यांची एक यादी

ऑनलाइन तिकीटविक्रीसारखी मोठी सेवा एका संगणकावर चालत नाही. समजा, अशा एका सेवेचा भार 64 सर्व्हरांनी वाटून घेतला आहे. आलेल्या प्रत्येक विनंतीची नोंद प्रत्येक सर्व्हर वेळेसह आपल्या लॉग फाइलमध्ये करतो. नोंदी घडतील तशा होत जातात, त्यामुळे प्रत्येक फाइल वेळेच्या क्रमाने आपोआप लागलेली असते. पण पैसे कापले गेले आणि तिकीट आलेच नाही, अशी तक्रार आली की एकटी फाइल पाहून भागत नाही. ग्राहकाची विनंती तीन-चार सर्व्हरांमधून फिरलेली असते. आधी काय झाले, नंतर काय झाले हे कळायला सगळ्या फाइलींची मिळून वेळेनुसार लागलेली एकच यादी हवी.

प्रत्येक फाइलमध्ये 10 लाख ओळी धरल्या, तर एकूण ओळी होतात 6 कोटी 40 लाख.

दोन क्रमवार याद्या एकत्र करणे सोपे आहे. दोन्हींच्या पहिल्या ओळी पाहायच्या, आधीच्या वेळेची ओळ उचलून नव्या यादीत लिहायची आणि जिथून उचलली तिथली पुढची ओळ समोर घ्यायची. एका ओळीमागे एक तुलना पुरते. मग 64 याद्यांसाठी पहिली सुचणारी रीत अशी: पहिल्या दोन एकत्र करा, त्यात तिसरी मिसळा, मग चौथी, आणि असेच शेवटपर्यंत.

निकाल बिनचूक येतो, पण मेहनत कितीतरी जास्त पडते. पहिल्या मिसळणीत 20 लाख ओळी लिहाव्या लागतात, दुसरीत 30 लाख, तिसरीत 40 लाख, आणि शेवटच्या मिसळणीत 6 कोटी 40 लाख. सगळी बेरीज 207 कोटी 90 लाखांवर जाते. पहिल्या फाइलमधली प्रत्येक ओळ 63 वेळा उतरवली जाते, शेवटच्या फाइलमधली फक्त एकदा. सरासरी काढली तर एक ओळ बत्तीसहून अधिक वेळा लिहिली जाते. याद्या दुप्पट झाल्या की ही सरासरीही जवळपास दुप्पट होते.

खरे तर निकालातली पुढची ओळ ठरवायला 64 फाइलींच्या फक्त सर्वांत वरच्या ओळी पुरतात. प्रत्येक फाइल क्रमाने लागलेली असल्यामुळे सर्वांत आधीची ओळ त्या 64 जणींतच असणार. ती शोधून थेट अंतिम यादीत लिहिली, तर प्रत्येक ओळ एकदाच लिहावी लागेल. मात्र शोध साधेपणाने घेतला तर दर वेळी 63 तुलना होतात आणि एकूण आकडा 400 कोटींच्या वर जातो. लिहिणे वाचते, तुलना वाढतात. याचे कारण असे की एक ओळ बाहेर पडल्यावर उरलेल्या 63 ओळी होत्या तशाच असतात, पण त्यांच्याबद्दल आधी कळलेले सगळे विसरून तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

ही माहिती धरून ठेवण्याचे काम मिन-हीप करतो. जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी 1964 मध्ये हीपसॉर्ट ही पद्धत मांडली, तेव्हा हीप ही रचना पुढे आली. तिचा नियम एकच आहे. आकडे वरून खाली, प्रत्येकाखाली जास्तीत जास्त दोन असे मांडायचे, आणि वरचा आकडा त्याच्या खालच्या दोघांपेक्षा मोठा असता कामा नये. त्यामुळे सर्वांत लहान आकडा नेहमी माथ्यावर राहतो. बाकीच्यांचा आपसात पूर्ण क्रम लावलेला नसतो, आणि त्याची गरजही नसते.

चार छोट्या याद्या घेऊन हे पाहता येते. अ: 3, 9, 20. ब: 5, 6, 30. क: 1, 14, 15. ड: 8, 10, 11. चौघींचे पहिले आकडे हीपमध्ये जातात: माथ्यावर 1, त्याखाली 3 आणि 5, आणि 3 च्या खाली 8. आता 1 बाहेर काढायचा. तो क यादीतून आला होता, म्हणून तिचाच पुढचा आकडा 14 माथ्यावर ठेवायचा. खाली 3 आणि 5 आहेत. त्यांतला लहान 3 वर चढतो आणि 14 त्याच्या जागी उतरतो. तिथे त्याच्याखाली 8 आहे, म्हणून 8 वर येतो आणि 14 तळाला जातो. पुढे 3 बाहेर पडतो, त्याच्या जागी अ यादीतला 9 येतो आणि एक पायरी उतरून थांबतो. माथ्यावर आता 5. तो निघाल्यावर ब यादीतला 6 येतो. त्याच्याखाली 8 आणि 9 असल्याने तो हलतही नाही आणि लगेच पुढचा ठरतो. एखादी यादी संपली, तर हीपमधला शेवटचा आकडा माथ्यावर आणून तीच घसरण करायची. हीप एकाने लहान होतो.

हेच काम पायथॉनमध्ये तयार मिळते:

```python
from heapq import merge

for t in merge([3, 9, 20], [5, 6, 30], [1, 14, 15], [8, 10, 11]):
    print(t)
```

आता पुन्हा 64 फाइलींकडे. इतक्या आकड्यांच्या हीपमध्ये नवा आकडा फार तर 6 पायऱ्या उतरतो, कारण 1 ला 2 ने गुणत गेले की सहाव्यांदा 64 होतात. प्रत्येक पायरीवर दोन तुलना लागतात: खालच्या दोघांत लहान कोण, आणि तो नव्या आकड्यापेक्षा लहान आहे का. म्हणजे एका ओळीमागे जास्तीत जास्त 12 तुलना आणि एकूण 76 कोटी 80 लाख. एकेक यादी मिसळण्याच्या रीतीत हाच आकडा 207 कोटींच्या आसपास जाऊ शकतो. लिहिण्यातला फरक त्याहून मोठा आहे: 207 कोटी 90 लाखांऐवजी 6 कोटी 40 लाख. याद्या 64 वरून 128 झाल्या, तर हीपमध्ये प्रत्येक ओळीमागे फक्त एक पायरी वाढते.

तुलना कमी करायला आणखी एक मार्ग आहे. फाइलींच्या जोड्या लावायच्या: 64 च्या 32, मग 16, 8, 4, 2 आणि 1. अशा सहा फेऱ्यांत प्रत्येक ओळीमागे सुमारे 6 तुलना होतात, हीपपेक्षाही कमी. पण प्रत्येक ओळ सहा वेळा लिहावी लागते, आणि फाइली डिस्कवर असतील तर वेळ मुख्यतः लिहिण्या-वाचण्यात जातो. तिथे हीपची बाजू वरचढ ठरते.

या पद्धतीचा सगळा भार प्रत्येक यादी क्रमाने लागलेली असण्यावर आहे. एका सर्व्हरचे घड्याळ मध्येच मागे सरकले, तर त्याच्या फाइलमध्ये 10:05 नंतर 10:03 ची ओळ येते. हीप काही तक्रार करत नाही. चुकीची यादी गुपचूप तयार होते. म्हणून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक ओळीची वेळ आधीच्या ओळीशी ताडून पाहावी. ती मागे गेली, तर मूळ फाइल बिघडली आहे असे समजावे. घड्याळ सुरुवातीपासूनच मागे असेल, तर मात्र ही तपासणीही ते पकडू शकत नाही. दोन ओळींची वेळ सारखी निघाली, तर फाइलच्या क्रमांकावर निकाल लावायचा, म्हणजे तेच काम पुन्हा केले तरी यादी तीच येते.

फाइली हजारोंच्या घरात गेल्या की वेगळीच अडचण येते. एकाच वेळी किती फाइली उघड्या ठेवता येतील यावर संगणकाची मर्यादा असते, आणि प्रत्येकीला मेमरीतला तुकडाही द्यावा लागतो. त्यामुळे काम टप्प्याटप्प्याने करतात. लिनक्सवरची `sort -m` ही आज्ञा ठरावीकपणे एका वेळी 16 फाइली घेते. `--batch-size` देऊन हा आकडा बदलता येतो. 64 फाइली दिल्या, तर आधी 16-16 च्या चार मिसळण्या होतात आणि मग त्या चार निकालांची एक. प्रत्येक ओळ दोनदा लिहिली जाते.